भरिताची अठरा पानं कमी का पडली: भाजी-मटणाचा उतारा काढायची रीत

कापूस जिनिंगला टाकला की एक क्विंटलातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, हे आमच्या वऱ्हाडात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बाकी सरकी आणि थोडी घट. त्यामुळे जिनवाला भाव देतो कापसाला, पण डोक्यात हिशेब करतो रुईचा, आणि सरकीचे पैसे त्यातून वजा धरतो. स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणारे आम्ही लोक मात्र वांगी, मेथी, बोकड सगळं बाजारातल्या भावानेच मोजतो आणि मग म्हणतो, धंद्यात काही उरत नाही.

हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या पोरांच्या पुस्तकात याला यील्ड टेस्ट म्हणतात. विकत घेतलेल्या वजनाला एपी आणि साफ करून वापरायला मिळालेल्या वजनाला ईपी. परीक्षेत गणितं याच अक्षरांनी येतात, म्हणून ती ओळखून ठेवा. मी माझ्या वहीत ‘उतारा’ असंच लिहितो, कारण रुईच्या उताऱ्यासारखीच ही गोष्ट आहे. कामी आलेलं वजन भागिले विकत घेतलेलं वजन, गुणिले शंभर.

एवढं सूत्र तर कुणीही पाठ करेल. चूक होते ती पुढे, आणि माझी झाली ती भरितात.

शंभर पानांचं भरीत

पौष महिना, शेतातली जेवणावळ, शंभर पानं. ज्वारीची भाकर, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ठेचा, कढी. पानामागे दीडशे ग्रॅम भरीत वाढायचं ठरलं होतं. त्यात भाजलेल्या वांग्याचा गर १२० ग्रॅम, उरलेले ३० ग्रॅम म्हणजे कांद्याची पात, शेंगदाणे, तेल, मिरची. म्हणजे गर हवा १२ किलो.

वांग्यात शंभरातले ४२ वाया जातात, हे मला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं. म्हणून मी १२ किलोवर ४२ टक्के वाढवले आणि १७ किलो वांगी आणली. गर निघाला पावणेदहा-दहा किलोच्या मध्ये कुठेतरी. ८२ पानांनंतर घमेलं खरवडायची वेळ आली. शेवटच्या पंगतीला बेसन वाढलं आणि यजमानांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही.

चूक अशी की ते ४२ टक्के वांग्याचे होते, गराचे नव्हते. वाया जाणारा भाग विकत घेतलेल्या वजनातून जातो. आपल्याकडे गराचं वजन असेल आणि त्यावरून वांग्यांचं काढायचं असेल, तर टक्के वाढवायचे नसतात, उताऱ्याने भागायचं असतं. उतारा ५८ टक्के, म्हणजे ०.५८.

१२ ÷ ०.५८ = २०.६९ किलो

म्हणजे २१ किलो आणायची होती. मी आणली चार किलो कमी. दराचंही तसंच. वांगी ३० रुपये किलो असतील तर गर ३० ÷ ०.५८ म्हणजे ५१ रुपये ७२ पैसे किलो पडतो. टक्के वाढवून काढला तर ४२ रुपये ६० पैसे येतो आणि किलोमागे नऊ रुपये आपल्याच खिशातून जातात. घट थोडी असली की दोन्ही रीतींतला फरक जाणवत नाही. दहा टक्के घटीत तर तो एका टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या रीतीने चालवतो आणि मोठी घट असलेल्या मालात एकदम आपटतो.

आता चाचणी करायची कशी

वांग्याचीच करू. त्यात दोन टप्पे येतात, त्यामुळे एकदा ही जमली की बाकीच्या भाज्या सोप्या आहेत.

किमान पाच किलो माल घ्या. एका किलोवर केलेली चाचणी फसवते, कारण त्यात एक मोठं वांगं किडकं निघालं की सगळा आकडा बिघडतो. वांगी कट्ट्यातून जशी येतील तशी घ्या, निवडून चांगली घेऊ नका. ऑर्डरीच्या दिवशी तुम्हाला निवडलेली मिळणार नाहीत.

काट्यावर रिकामं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. हे सगळे करतात, पण साफ केलेला माल दुसऱ्या पातेल्यात टाकून वजन करताना पुन्हा शून्य करायचं विसरतात. पितळी गंज आणि ॲल्युमिनियमचं पातेलं यांच्या वजनात सहज अर्ध्या किलोचा फरक असतो. माझ्या जुन्या वहीत पालकाचा उतारा एकशे चार टक्के लिहिलेला आहे. त्यात थोडा पाण्याचा दोष होता, बाकीचा गंजाचा.

आता टप्पे. ५ किलो वांगी, ३० रुपयांनी, १५० रुपये. प्रत्येक वांग्याला उभी चीर देऊन आत बघितलं, कारण फळ पोखरणारी अळी बाहेरून कळत नाही. तिचं छिद्र बारीक असतं किंवा बुजलेलं असतं. ३५० ग्रॅम किडकी निघाली. उरली ४ किलो ६५० ग्रॅम. हा पहिला उतारा, ९३ टक्के.

ती पऱ्हाट्यांवर भाजली, साल आणि देठ काढले, गर चाळणीत दहा मिनिटं ठेवला आणि मग तोलला. २ किलो ९०० ग्रॅम. ४.६५० मधून २.९०० म्हणजे दुसरा उतारा ६२ टक्क्यांच्या थोडा वर.

पूर्ण उतारा काढायला हे दोन गुणायचे. ०.९३ × ०.६२४ = ०.५८. इथेही लोक घट घटीत मिळवतात. सात टक्के आधी, साडेसदतीस नंतर, झाले साडेचव्वेचाळीस. ते बरोबर नाही, कारण दुसऱ्या टप्प्यातली घट पाच किलोवर नाही, उरलेल्या ४.६५० वर झाली आहे. ताळा करायचा असेल तर सरळ शेवटचं वजन पहिल्या वजनाने भागा. २.९ ÷ ५ = ०.५८. दोन्ही जुळले की समजा वजनं नीट लिहिली गेली.

दहा मिनिटं चाळणीत, हे मी मुद्दाम लिहिलं. गरम गर लगेच तोलला तर त्यातलं पाणीही वजनात येतं आणि उतारा ६३-६४ दिसतो. पण भरीत घोटताना ते पाणी सुटतं आणि आपण ते ओतून देतो. म्हणून कुठल्या क्षणी तोलायचं हे एकदा ठरवा आणि दर वेळी तिथेच तोला. जाळाचाही फरक पडतो. पऱ्हाटीचा जाळ भडक असतो, वांगं लवकर भाजून होतं. गोवऱ्यांच्या मंद आगीत ते बराच वेळ राहतं, जास्त सुकतं आणि उतारा चार-पाच टक्क्यांनी उतरतो. चव मात्र गोवरीवरची मला जास्त आवडते, ती गोष्ट वेगळी.

आता एक सोय. गराचा दर भागिले बाजारभाव, ५१.७२ ÷ ३०, येतं १.७२४. हा आकडा वहीत लिहून ठेवला की पुढच्या आठवड्यात वांगी ४५ रुपयांना गेली तरी पुन्हा चाचणी नको. ४५ × १.७२४, म्हणजे साडेसत्याहत्तर रुपयांच्या वर. उतारा बदलत नाही तोवर हा गुणक चालतो.

पालेभाज्या आणि शेंगा, थोडक्यात

मेथी आपल्याकडे जुडीने मिळते आणि जुडी हे काही वजन नव्हे. दहा जुड्या एकत्र तोला. माझ्या एका चाचणीत दहा जुड्या २ किलो ४०० ग्रॅम भरल्या, खुडलेला पाला आणि कोवळे देठ मिळून १ किलो २०० ग्रॅम. जुडी दहा रुपयांना असेल तर शंभर रुपयांत सव्वा किलोही पाला नाही, किलोला ८३ रुपये. पाला धुण्याआधी तोलायचा. धुतल्यावर पाणी पानांना धरून राहतं आणि उतारा फुगतो. माझ्या पालकाचे एकशे चार टक्के यातूनही आले होते. बाजारात शिंपडलेलं पाणी मात्र विकत घेतलेल्या वजनात येतं, म्हणून जुड्या आधी अर्धा तास मोकळ्या पसरून ठेवा.

बटाट्याच्या बाबतीत माल तोच असतो, हात बदलतो. सुरीने सोललेल्या पाच किलोतून माझ्याकडे ७८ टक्के निघाले, सोलाण्याने ८६. आणि एक गंमत अशी की मी काट्याजवळ उभा राहिलो की मावशी साल कागदासारखी पातळ काढतात. मी बाहेर गेलो की ती जाड होते. म्हणून खरा उतारा हवा असेल तर ऑर्डरीच्या दिवशी, घाईगर्दीत, कुणाला न सांगता सालीची बादली तोला. विकत घेतलेल्या वजनातून ती वजा केली की झालं.

हिवाळ्यात सोल्यांची भाजी लोक मागून घेतात. तुरीच्या हिरव्या शेंगा ५० रुपये किलो होत्या, माझ्या काट्यावर सोल्यांचा उतारा आला ४५ टक्के. ५० ÷ ०.४५ म्हणजे सोले १११ रुपये किलो. बाजारात सोललेले १३० ला होते. एकोणीस रुपये वाचतात असं वाटतं, पण एका बाईच्या तासाभरात दोन किलो शेंगा सोलून होतात, त्यातून ९०० ग्रॅम सोले. म्हणजे तासाला सतरा रुपये वाचले. त्या भावात मी मावशींना शेंगा सोलायला बसवत नाही. उतारा काढल्याशिवाय हा निर्णय करता येत नाही, आणि मी दोन हिवाळे तो चुकीचा करत होतो.

उभा बोकड घ्यावा की मटण

इथे सरकीचा हिशेब लागतो. भाजीत सालीला किंमत नसते, ती गाईपुढे जाते. बोकडात मटणाशिवाय जे निघतं त्यालाही पैसे येतात.

आठवडी बाजारात बोकड बहुतेक नगावर विकला जातो. विकणारा म्हणतो, “भाऊ, पंचवीसचा आहे, उचलून पाहा.” उचलून काही कळत नाही. लटकता काटा सोबत न्या. आणि बाजाराच्या सकाळी जनावराला पोटभर चारापाणी दिलेलं असतं, ते पोटातलं वजन तुम्ही बोकडाच्या भावाने घेता. उपाशी ठेवलेल्या बोकडाचं साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं. भरल्या पोटाच्या बोकडाचा आकडा त्याहून खाली जातो, कारण मटण तेवढंच असतं, भागायचं वजन मात्र वाढलेलं असतं.

माझ्या वहीतला एक बोकड असा आहे:

उभं वजन २४ किलो, किंमत ९,००० रुपये
कापणावळ ५०० रुपये
हाडासकट मटण ११ किलो २०० ग्रॅम
मुंडी आणि पाय ५०० रुपयांना गेले
काळीज, गुर्दे, दिल ४०० रुपयांना
साफ केलेली वजडी १५० रुपयांना
कातडं शून्य

उतारा ११.२ ÷ २४, म्हणजे ४६.७ टक्के. खर्च झाला ९,५०० रुपये. बाकीच्या भागांचे १,०५० आले ते वजा केले, राहिले ८,४५०. भागिले ११.२, मटण पडलं ७५४ रुपये किलो. त्या दिवशी दुकानात मटण ७८० होतं. किलोमागे पंचवीस-सव्वीस वाचले, सगळे मिळून तीनशेच्या आतच.

आता हाच बोकड ११.२ ऐवजी १० किलो पडला असता तर? ८,४५० ÷ १०, म्हणजे ८४५ रुपये. दुकानापेक्षा ६५ रुपयांनी महाग. फरक फक्त सव्वा किलोचा, पण पोटातल्या चाऱ्याने तेवढा सहज पडतो. म्हणून बोकड मी ओळखीच्या माणसाकडून, आदल्या संध्याकाळी बांधून ठेवलेला, वजनावरच घेतो. ते जमत नसेल तर दुकानातलं मटण बरं.

वजा करायची रक्कम हातात आलेली असली पाहिजे. वजडी घरच्यांनी खाल्ली, मुंडी कसायालाच दिली, तर ते पैसे हिशेबात धरू नका. मी सुरुवातीला वजडीचे दोनशे रुपये बाजारभावाने वजा धरायचो आणि ती विकली जायची नाही. कागदावर मटण स्वस्त दिसायचं. कातड्याला मी हल्ली शून्यच धरतो. काही मिळालं तर तो नफा.

वांग्याला जो गुणक काढला तो बोकडाला लावू नका. बोकड हजाराने महागला म्हणून मुंडीचा भाव त्याच प्रमाणात वाढत नाही आणि कापणावळही नाही. दर वेळी पूर्ण हिशेब करावा लागतो.

रस्सा आणि सुकं, दोन वेगळे हिशेब

नव्या माणसाचा सर्वात मोठा गोंधळ इथे होतो. खाण्याजोगा भाग म्हणजे हाडं काढून उरलेलं मांस, असं तो समजतो. तुम्ही पानात हाडासकट तुकडे वाढत असाल, तर हाड हा तुमच्या विक्रीचाच भाग आहे. नळी पानात आली नाही तर पाहुणे विचारतात. उताऱ्यात जे पानात जातं ते सगळं धरायचं. हाडं वजा होतात ती खिम्यात किंवा बिनहाडाच्या पदार्थात, आणि त्यासाठी वेगळी चाचणी करायची.

दुकानातून आणलेलं ५ किलो मटण घेऊ, ७८० ने ३,९०० रुपये. जादा चरबी आणि हाडाच्या कपच्या २०० ग्रॅम काढल्या, राहिलं ४ किलो ८०० ग्रॅम, ९६ टक्के. शिजवून तुकडे गाळून तोलले तर ३ किलो ३६० ग्रॅम, शिजण्याचा उतारा ७० टक्के. पूर्ण उतारा ०.९६ × ०.७० = ०.६७२.

सुकं मटण वाढायचं असेल तर हा पूर्ण उतारा लागतो. ३,९०० ÷ ३.३६ म्हणजे शिजलेलं मटण १,१६१ रुपये किलो, आणि १२० ग्रॅमच्या पानाला मटणाचेच १३९ रुपये. साठ पानांना ७ किलो २०० ग्रॅम शिजलेलं हवं, म्हणजे ७.२ ÷ ०.६७२, पावणेअकरा किलो मटण आणायचं.

रश्श्याचं तसं नाही. शिजताना तुकड्यातून जे पाणी आणि चरबी सुटते ती भांड्यातच राहते, तर्रीला तीच येते, आणि ती आपण वाढतो. ते वाया गेलं असं धरून तीस टक्के घट लावली तर दर उगाच फुगतो आणि गावातलं काम शेजारच्या आचाऱ्याकडे जातं. रश्श्यासाठी मी कच्च्या, साफ केलेल्या वजनावर चालतो. ७८० ÷ ०.९६, ८१२ रुपये ५० पैसे किलो. पानामागे १५० ग्रॅम कच्चं धरलं तर १२२ रुपये. दर सांगताना यजमानालाही कच्च्या वजनातच सांगायचं, “दहा किलो मटण टाकतो,” असं. पानात किती ग्रॅम येईल हे बोलायचं नाही, कारण शिजून ते १०५ वर येणार आहे आणि मग भांडण.

शिजण्याचा उतारा कोवळ्या आणि निबर जनावरात फार वेगळा येतो, कारण निबर मटण जास्त वेळ आगीवर राहतं. कुकरमधला आणि उघड्या गंजातला आकडाही एक नसतो. ज्या भांड्यात ऑर्डर करणार, त्याच भांड्यात चाचणी करा.

वहीत काय लिहायचं

तारीख, माल कुठून आणला, विकत घेतलेलं वजन आणि दर, प्रत्येक टप्प्यानंतरचं वजन, सोलणाऱ्याचं नाव, जाळ कसला. तीन वेळा चाचणी करून तिन्हींचा मध्य काढा. तीनपैकी एक आकडा फारच वेगळा असेल तर तो खोडून टाकू नका, त्याच्यापुढे कारण लिहा. माझ्या वांग्याच्या पानावर ५८, ५९, ५७ असे हिवाळ्यातले आकडे आहेत आणि खाली ४९ असा एक. तो होळीनंतरचा. उन्हाची वांगी, आत बिया, किडकी आधीच सातशे ग्रॅम निघाली होती. तेव्हापासून फाल्गुनानंतर भरिताची ऑर्डर आली तर मी आधी बेसन किंवा पातोडीची रस्साभाजी सुचवतो. यजमान अडूनच बसले तर उतारा ५० धरतो, शंभर पानांना २४ किलो वांगी आणतो आणि दर त्याच हिशेबाने सांगतो.